घंटी थांबेपर्यंत तोटी उघडायची नाही

बारा एप्रिल, रविवार. रक्कम चार हजार पाचशे रुपये. हजर मी, माझी बायको आणि भिवंडीतल्या आमच्या टेमघरचे चाचा. चाचा म्हणजे आमच्या गल्लीच्या टोकाला, आमच्या घराला लागून, ज्यांचे चोवीस लूम, म्हणजे यंत्रमाग, आहेत ते. लूमच्या मागे पूर्वी त्यांचा तबेला होता. तो बंद झाला तशी दुधातून मलई वेगळी काढायची त्यांची हातमशीन माळ्यावर पडून राहिली. तीच मी विकत घेतली. पैसे तिथेच दिले आणि चाचांकडून कागदावर लिहून घेतलं. ते हसले. म्हणाले, "अरे, भांडं घेतलंस, जागा न्हाय घेतलीस."

घेण्याचं कारण माझी मोठी बहीण. ती दिघाशी गावात राहते. तिच्याकडे एक म्हैस आहे, दोन्ही वेळचं मिळून अकरा लिटर देते. अक्काला ती म्हैस ठेवायची होती. तिच्या मुलाला, म्हणजे माझ्या भाच्याला, विकायची होती. तो एका गोदामात सुपरवायझर आहे, अठ्ठावीस वर्षांचा, आणि पहाटे शेण काढून मग ड्युटीला जायचा त्याला वीट आला होता. त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. संकलन केंद्रावर लिटरला बावन्न रुपये मिळत आणि पेंड, भुसा, चारा धरला तर हातात फार काही उरत नसे. अक्काचं म्हणणं एवढंच, की नवरा गेल्यावर घरात सकाळी उठायला तिला काहीतरी कारण हवं. हे ती असं बोलत नसे. ती म्हणे, "म्हैस हाय म्हून मी हाय." भाच्याला ते ऐकलं की राग येई.

दोघांत मी पडलो, कारण आकडे माझ्याकडे असतात. मी हिशेब मांडला. म्हशीच्या दुधाला फॅट पावणेसात. दहा लिटरमधून घरगुती घट धरून सव्वासहाशे ग्रॅम तूप निघायला हवं. नऊशे रुपये किलो धरलं तर साडेपाचशेच्या वर. म्हणजे दुधाचे पैसे तुपातच सुटले. खाली जे नऊ लिटरच्या आसपास साय काढलेलं दूध उरतं, ज्याला आमच्याकडे सेपरेट म्हणतात, ते सगळं वरकड. त्याचं ताक लूमवरच्या कामगारांना विकायचं, एप्रिलच्या उन्हात कोण नको म्हणेल. थोड्याचं पनीर. मी भाच्याला म्हटलं, "दहा दिवस दे. हिशेब जमला तर म्हैस राहील, नाही जमला तर तू म्हणशील तसं."

"लिहून द्या, मामा."

मी लिहून दिलं.

अक्काची स्वतःची रीत होती. थंडीत ती संध्याकाळचं कच्चं दूध रुंद तोंडाच्या टोपात ओतून फळीवर ठेवी आणि सकाळी वर आलेली मलई पळीने अलगद उतरवून घेई. पण म्हशीच्या दुधाची मलई सावकाश वर येते, आणि उन्हाळ्यात मलई वर येईपर्यंत खालचं दूध आंबतं. म्हणून मशीन. मशीन माझ्याकडे टेमघरला ठेवायची ठरली, कारण तूप आणि ताक घेणारे शहरात, आणि वजनकाटाही माझ्याकडे. अक्काने रात्रीचं दूध फ्रीजमध्ये ठेवायचं, सकाळचं त्यात मिसळायचं, कॅन बर्फाच्या पोत्यात घालून भाच्याने ड्युटीला जाताना मोटरसायकलवरून माझ्याकडे टाकायचा.

मशीन आम्ही गॅलरीत जाड फळीवर बोल्टांनी घट्ट केली. चाचांनी ती जोडून दाखवली. आत एक वाटीसारखा गोळा, त्यात एकावर एक बसणाऱ्या बारा पातळ चकत्या, प्रत्येकीवर नंबर कोरलेला. नंबर चुकला तर गोळा बसत नाही. वर रबरी रिंग, मग नट. वरच्या भांड्यातून दूध आत येतं, गोळा गरगर फिरतो, जड दूध बाहेरच्या कडेला जातं, हलकी मलई मधे राहते, आणि दोन नळ्यांतून दोन वेगळ्या धारा पडतात. चाचा बोलता बोलता दोन गोष्टी म्हणाले होते. "दूध कोमट पाहिजे." आणि, "हँडलवर घंटी आहे. घंटी थांबेपर्यंत तोटी उघडायची नाही."

दोन्ही मी वहीत लिहून घेतल्या. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे मला विचारण्यात आलं की तुम्हाला कोणी सांगितलं नव्हतं का.

सोमवारी सकाळी पावणेसातला पहिला कॅन आला. दूध बर्फासारखं गार. बायको म्हणाली, "अहो, कोमट करायचं ना?" मी म्हटलं, कच्चं दूध गरम केलं की ते कच्चं कसं राहील, साय धरायला लागेल, चकत्यांत अडकेल. माझ्या डोक्यात गरम म्हणजे उकळणंच होतं. आपल्या घरात दूध एकतर गार असतं नाहीतर उतू गेलेलं असतं. तिने कॅन दहा मिनिटं उन्हात ठेवायला लावला आणि आम्ही त्यालाच कोमट म्हटलं.

मी हँडल फिरवायला घेतलं. घंटीकडे कान दिले. घंटी वाजत नव्हती. म्हणजे थांबलेली. तोटी उघडली.

एका नळीतून जाड पिवळट धार, दुसरीतून पांढरी. मला इतका आनंद झाला की मी हँडल हळू केलं आणि बघत बसलो.

दूध संपल्यावर थोडं सेपरेट परत वरून ओतून गोळा धुवून काढायचा, म्हणजे आत राहिलेली मलई बाहेर येते, हेही चाचांनी सांगितलं होतं आणि हे मात्र मी केलं. मग बारा चकत्या धुवायच्या. त्याही लगेच, वाळू दिल्या तर चिकटतात. पहिल्या दिवशी बायकोने धुतल्या, दुसऱ्या दिवशी तिने चकत्या मोजल्या आणि मला विचारलं, "तुमच्या वहीत धुणाऱ्याची मजुरी कुठल्या रकान्यात आहे?" तिसऱ्या दिवसापासून मी धुवायला लागलो. पस्तीस मिनिटं लागतात.

मलई जमवून विरजण लावायचं, घुसळायचं, लोणी कढवायचं. सेपरेट उकळून निम्म्याचं दही. आमच्या वस्तीत चौदा एप्रिलच्या मिरवणुकीला दरवर्षी सरबत वाटतात, या वर्षी मी म्हटलं ताक वाटू. सोमवारच्या सेपरेटचं दही, पाणी, मीठ, जिरं, कोथिंबीर. लोक ग्लास पुढे करून पुन्हा मागत होते. वस्तीतले एक आजोबा मिशी पुसत म्हणाले, "जय भीम, साहेब. हे ताक नाही, हे लोणी आहे." ग्लासावर खरंच लोण्याचे बारीक कण तरंगत होते. मी स्तुती म्हणून घेतलं. घरी आल्यावर वहीत लिहिलंसुद्धा : ताक उत्तम.

आठवडाभर सगळं उत्तमच होतं. पनीर मऊ लुसलुशीत. त्याच दुधात मळलेल्या चपात्या दुपारपर्यंत मऊ. लूमवरचे कामगार दहा रुपयाला ग्लास घेत आणि शिफ्ट सुटल्यावर परत येत. फक्त तूप कमी. तीन दिवसांचं एक किलो शंभर ग्रॅम. सहा दिवसांचं सव्वादोन किलो. मी काटा तपासला. एक किलोची साखरेची पिशवी ठेवून पाहिली, काटा बरोबर होता.

बायको म्हणत होती, "अहो, या सेपरेटवर उकळल्यावर साय कशी काय येते? साय काढलेल्या दुधाला साय?" मी म्हटलं, "म्हशीचं आहे, थोडी येणारच." ती म्हणाली, "थोडी नाही, पळीने उचलता येते. मी आज पोळीला लावली." माझी त्या वेळी बेरीज चालू होती. मी हात वर करून तिला थांबवलं. तो हात मला अजून आठवतो, तिलाही आठवतो.

दहाव्या दिवशीचा आकडा : तीन किलो सातशे. हवं होतं सव्वासहा. अडीच किलो तूप गायब. कॅनला भोक नाही, काटा बरोबर, लिटर मी स्वतः मोजलेले. मग एकच गोष्ट उरत होती, आणि मी आकड्यांवर विश्वास ठेवणारा माणूस असल्याने ती मी बोलून टाकली.

तेवीस तारखेला, गुरुवारी संध्याकाळी, मी दिघाशीला गेलो. ओट्यावर अक्का, भाचा, आणि एक म्हशींचा दलाल. दलालाला भाच्यानेच बोलावलं होतं, दहा दिवस संपले म्हणून. मी वही उघडली, आकडे वाचले.

"म्हणजे दुधात पाणी आहे," भाचा म्हणाला.

"मी असं म्हणत नाही. पण फॅट तीन-चारच्या वर दिसत नाही. कॅन धुतल्यावर नीट निथळतेस ना, अक्का?"

अक्का उठली नाही, ओरडली नाही. तिने चोळीत हात घालून संकलन केंद्राची चिठ्ठी काढली. घरी राहिलेलं लिटरभर दूध ती केंद्रावर घालत होती. "वाच. फॅट काय लिवलंय?"

सहा पॉइंट आठ लिहिलं होतं.

"ही कधीची?"

"सोमवारची. तारीख वाचता येते न्हाय तुला? येवढी वही लिवतोस."

मी म्हटलं, चिठ्ठी एका लिटरची, कॅन दहा लिटरचा. खरं सांगायचं तर मला चिठ्ठी पटली नाही कारण माझा हिशेब मला पटत होता.

"ऐक," ती म्हणाली, "आपली आय मेली तवा मी तुला याच आंगणात दूध पाजून वाढवलाय. त्यात पानी न्हाय घातला. आता घालीन? कुनाला फशिवन्यासाठी? तुला?"

दलाल विडी विझवत म्हणाला, "वैनी, भांडू नका. जनावर चांगलं हाय. अठ्ठ्याहत्तर हजार देतो. रविवारी सकाळी गाडी आणतो." आणि त्याने पाचशेच्या चार नोटा भाच्याच्या हातात ठेवल्या. बयाणा, म्हणजे विसार. भाच्याने माझ्याकडे पाहिलं. मी लिहून दिलेलं होतं. मी वही मिटली.

अक्का आत गेली आणि चूल नसताना चुलीपाशी बसल्यासारखी भिंतीकडे तोंड करून बसली. मला चहासुद्धा विचारला नाही.

शुक्रवारी सकाळी भाच्याने तरीही कॅन टाकला. म्हशीला काय माहीत विकली ते. "शेवटचे तीन कॅन, मामा. गंमत म्हणून काढा." मी चिडून मशीन जोडली. नंबर एक ते बारा. हँडल फिरवलं.

टिंग. टिंग. टिंग.

शुक्रवार म्हणजे भिवंडीत लूमची सुट्टी. आमच्या गॅलरीच्या भिंतीपलीकडे चोवीस लूम आहेत. त्यांच्या खटाखटात आम्ही घरातल्या घरात ओरडून बोलतो आणि ते आम्हाला ओरडणं वाटत नाही. दहा दिवसांत शुक्रवार एकच आला होता आणि त्या दिवशी चाचांनी अर्जंट मालासाठी लूम चालवले होते. आज भिंतीपलीकडे शांत होतं आणि हँडलवरची घंटी प्रत्येक फेऱ्याला वाजत होती. मी नेहमीच्या वेगाने फिरवत राहिलो. ती थांबेना. तोटी उघडली, तरी वाजत राहिली. बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली.

"ही घंटी रोज वाजते?"

"आज बिघडली असेल."

"अहो, चाचा काय म्हणाले होते? घंटी थांबेपर्यंत तोटी उघडायची नाही."

मी वही उघडली नाही. उघडायची गरज नव्हती. घंटी कमी वेगाला वाजते. वेग पुरता आला की आतला लोलक बाहेरच्या बाजूला दाबून बसतो आणि ती गप्प होते. दहा दिवस ती माझ्या हाताखाली ओरडत होती आणि लूमच्या आवाजात मी तिला थांबलेली समजत होतो.

मी तोटी बंद केली. बायको आत गेली. तिने फ्रीजमधून काचेची बाटली काढून माझ्यासमोर ठेवली. काल सकाळचं सेपरेट, तिने आदल्या दिवशीच कच्चं बाजूला काढून ठेवलेलं, न हलवता. वरच्या भागात मलईची रेघ होती. मी पट्टी लावली. अठरा मिलिमीटर.

"अक्काचं दूध पातळ आहे म्हणालात ना," ती म्हणाली. "साय काढलेलं एवढं जाड आहे."

नमाज झाल्यावर चाचा आले. मी सगळं सांगितलं. ते खुर्चीत बसून इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. "बरफ लावून आणलेलं दूध! अरे भाई, ठंड में चरबी जम जाती है, सुटणार कशी? आणि वर घंटी वाजत असताना तोटी. दहा दिवस लोकांना मलई पाजलीस दस रुपये ग्लास. माझे कारीगर म्हणत होते, बाबूजी का ताक बहोत भारी है."

"तुम्ही कोमट नीट सांगायला पाहिजे होतं."

"कोमट म्हणजे कोमट. बोट घातलं तर बोटाला कळू नये."

बोटाला न कळणं हे माझ्या दृष्टीने माप नव्हे. मी घरातला तापाचा थर्मामीटर साबणाने धुतला. बायकोने कपाळाला हात लावला. मोठ्या पातेल्यात पाणी गरम करून त्यात दुधाचं भांडं ठेवलं, ढवळत राहिलो, चाळीस अंशाला उतरवलं. सकाळी चुकीचं निघालेलं अर्धं सेपरेट आणि त्याची मलईही त्यातच परत मिसळली. पुन्हा चालवलं तर चालतं, चाचा म्हणाले. मग घड्याळ समोर ठेवून हँडल. मिनिटाला साठ फेरे, सेकंदाला एक. खांद्यातून आवाज यायला लागला. घंटी हळूहळू विरळ झाली आणि गप्प बसली. तरी आणखी दहा फेरे मी फिरवले. मग तोटी.

या वेळी मलईची धार बोटाएवढी जाड होती आणि दुसऱ्या नळीतलं दूध निळसर दिसत होतं. ते मी उकळलं. वर पापडासारखा कोरडा पातळ पापुद्रा आला, चमच्याला चिकटण्याइतकाही नाही. बाटलीत भरून ठेवलं. सकाळी रेघ नव्हती. शनिवारी लूम सुरू झाल्यावर घंटी ऐकू येईना, तेव्हा तिच्यावर तर्जनी टेकवून ठेवली, थरथर थांबली की तोटी.

शुक्रवारच्या मलईचं तूप शनिवारी रात्री कढवलं. सहाशे दहा ग्रॅम.

आणि त्याच शनिवारी लूमवरचा एक कामगार अर्धा ग्लास ताक ठेवून म्हणाला, "बाबूजी, आज पानी ज़्यादा डाल दिया क्या?" पनीर दाताखाली रबरासारखं चर्र वाजलं. बायकोने ते कुस्करून बटाट्यात घातलं, चपातीचं पीठ त्याच दुधात भिजवलं, ताकाची कढी केली. पाणी घातलेलं नव्हतं. मी कामगाराला तसं सांगितलं. त्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं त्याच नजरेने मी गुरुवारी अक्काकडे पाहिलं असणार. मी ताकाचा दर आठ रुपये केला. आठ रुपयांतही हिशेब जमत होता, कारण तूप जमत होतं.

रविवारी सकाळी साडेसातला मी दिघाशीला पोहोचलो तेव्हा दलालाचा टेम्पो अंगणात लागलेला. अक्का म्हशीला शेवटची पेंड घालत होती. मी तुपाची बरणी ओट्यावर ठेवली, बाजूला वही ठेवली.

"अक्का, तुझी चिठ्ठी बरोबर होती. दूध चांगलं होतं. मशीन मी चुकीची चालवली. घंटी."

"कंची घंटी?"

मी सांगितलं. तिने पूर्ण ऐकलं. मग म्हणाली, "म्हंजे मिरवणुकीत लोकांनी माजं तूप प्यायलं."

"हो."

"मग पुण्य मला. हिशेबात धर."

भाच्याने बरणी उचलून वजनाचा अंदाज घेतला. "मामा, दहा दिवसांच्या आधी का नाही कळलं? मी पैसे घेतले ना. टायर घातला गाडीला."

दलाल उभाच होता. "बयाणा परत नको मला. जनावर द्या."

"म्हैस जानार न्हाय," अक्का म्हणाली. पहिल्यांदा तिने मुलाकडे बघून सांगितलं. "शेन मी काढीन. तू कॅन तेवडा ने."

भाच्याने डोकं खाजवलं. वहीतला शनिवारचा आकडा पुन्हा पाहिला. "सकाळी सव्वासहाला मी गाडीवर. त्याच्या आत कॅन तयार पाहिजे, आई. एक मिनिट थांबणार नाही."

"तू उटतोस तरी सव्वासाला?"

दलाल म्हणाला, "ठीक आहे. पण सौदा विकणाऱ्याने मोडला की बयाणा दुप्पट. आपल्यात हेच चालतं, साहेब, तुम्ही शिकलेले आहात." मी भाच्याकडे पाहिलं, त्याने टायरकडे. अक्का म्हणाली, "त्याच्याकडून घेऊ नको. ज्याची घंटी त्याने द्यावं."

मी खिशातून पाकीट काढलं. दलालाला चार हजार रुपये दिले, पाचशेच्या आठ नोटा, रोख, अक्का आणि भाच्याच्या समोर. पावती तो द्यायला तयार नव्हता.